मुलाला ४० लाख द्यायचे नाहीत, हे पत्रात कसं सांगावं?

प्रश्न : हे ६६ वर्षांचे, मी ६२. नाशिकला स्वतःचं घर, साठवलेले ७५ लाख, पेन्शन महिना तीन हजार, खर्च चाळीस हजार. मुलगा पुण्यात फ्लॅट घेतोय, ४० लाख मागतो. 'पैसे नुसते पडून आहेत' म्हणतो. आम्ही दहाच देऊ शकतो. समोर बोललं की वाद होतो, म्हणून पत्र लिहायचंय. काय लिहू?

उत्तर : ताई, पत्रात भावनेआधी हिशेब घाला. मुलाला पैसे पडून असल्यासारखे दिसतात त्याला कारण आहे. साडेसात टक्के सरासरी व्याज धरलं, तर ७५ लाखांवर महिना जवळपास ४७ हजार येतात. त्यात पेन्शन मिळवून, खर्च वजा जाता, आज दहा हजार उरतात. पण महागाई सहा टक्के धरली, तर बारा वर्षांनी याच घराला महिना ऐंशी हजार लागतील आणि व्याज मात्र तेवढंच राहील. आजची शिल्लक म्हणजे तेव्हाची तूट आहे, हे त्याच्या डोळ्यांसमोर येत नाही.

म्हणून असं लिहा : 'तुला ४० दिले तर आमच्याकडे ३५ उरतात. महिन्याला पंधरा हजार कमी पडतील, ते मुद्दलातून काढावे लागतील. महागाईने ही तूट दरवर्षी वाढत जाईल आणि साधारण आठ वर्षांत सगळं संपेल. तेव्हा आई सत्तरीची असेल. दहा दिले तर उरलेले सोळा वर्षं पुरतात, तेही मोठं आजारपण आलं नाही तर. त्यामुळे दहाच देतोय. ही भेट आहे, परत करायची नाही.' खाली दोघांची सही, नुसती बाबांची नको.

आकडे त्यालाही मांडून बघू द्या. व्याज आठ टक्के का धरलं नाही, असं विचारील. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत माणशी ३० लाखांचीच मर्यादा आहे, बाकीची रक्कम बँकेत कमी दराने राहते, हे सांगा.

दहा लाख काढताना याच योजनेला हात लावू नका. खातं दोन वर्षांनंतर पण मुदतीआधी बंद केलं, तर मुद्दलाच्या एक टक्का कापतात, त्याआधी दीड टक्का, आणि वर्षाच्या आत बंद केलं तर दिलेलं व्याजही वसूल करतात. त्यापेक्षा लवकर मुदत संपणारी बँकेची ठेव बघा. पैसे चेकने किंवा खात्यातून द्या. आईवडिलांनी दिलेल्या भेटीवर मुलाला आयकर नाही, पण कर्ज देणारी बँक पैसे कुठून आले ते विचारते. तेव्हा भेटीचं साधं सहीचं पत्र सोबत द्या.

एवढं झाल्यावर 'निदान कर्जाला जामीन राहा' अशी मागणी येऊ शकते. माझ्या मते ती ४० लाखांपेक्षा धोक्याची आहे. हप्ते थकले तर बँक जामीनदाराकडे येते आणि तेव्हा तुमच्या ठेवीही पणाला लागतात. नकार याच पत्रात एका ओळीत लिहून टाका.