तरंगणारा अंतराळवीर खरं तर पडत असतो

प्रिय विद्यार्थ्यास,

"अंतराळवीर यानात वजनरहित का भासतो?" या प्रश्नाला तू लिहिलंस, "कारण तिथे गुरुत्वाकर्षण नसतं." निम्मा वर्ग हेच लिहितो, आणि या वाक्याला गुण मिळत नाहीत. ते का चुकलं हे आकडेमोड करूनच पाहू, म्हणजे चाचणीतली उदाहरणंही त्यातच होऊन जातील.

आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक जमिनीपासून सुमारे ४०० किमी उंचीवरून फिरतं. पृथ्वीची त्रिज्या R = ६४०० किमी धर. सूत्रात येणारा r पृथ्वीच्या केंद्रापासून मोजायचा असतो, म्हणून r = R + h = ६८०० किमी. आता तिथलं गुरुत्वत्वरण काढ:

g' = g (R/r)² = ९.८ × (६४००/६८००)² ≈ ८.६८ मी/से²

म्हणजे जमिनीवरच्या g च्या जवळजवळ ८९ टक्के. ६० किलो वस्तुमानाच्या माणसाला पृथ्वी जमिनीवर ५८८ न्यूटन बलाने ओढते, तिथे सुमारे ५२१ न्यूटनने. बल फारसं कमी झालेलंच नाही! (g' = g(१ − २h/R) हे सूत्र इथे वापरलंस तर ८.५८ येईल. ते h फारच लहान असतानाचं सूत्र आहे. ४०० किमीला फरक दिसू लागतो.)

मग क्रांतिक वेग. वर्तुळाकार कक्षेत फिरायला लागणारं अभिकेंद्री बल गुरुत्वाकर्षणच पुरवतं:

mv²/r = GMm/r²

दोन्हीकडचा m निघून जातो. यान जड असो की हलकं, वेग तोच. GM च्या जागी gR² घाल आणि सगळं मीटरमध्ये घे:

v = √(gR²/r) = √(९.८ × (६.४ × १०⁶)² / (६.८ × १०⁶)) ≈ ७.६८ × १०³ मी/से

म्हणजे ७.६८ किमी/से. एक फेरी 2πr/v, सुमारे ५५६० सेकंद, म्हणजे साधारण ९३ मिनिटं.

उत्तर चुकलं तर ते आकड्यावरूनच ओळखता येतं. r ऐवजी नुसता h घातलास तर सुमारे ३१.७ किमी/से येतं. पृथ्वीवरून मुक्तिवेगच ११.२ किमी/से आहे. एवढ्या वेगाने यान कक्षेत राहीलच कसं? अंतरं किलोमीटरमध्येच ठेवलीस तर २४३ येतं, आणि त्याला मी/से म्हटलंस तर तो प्रवासी विमानाचा वेग झाला. पृथ्वीभोवती वर्तुळाकार कक्षेतल्या उपग्रहाचा वेग ७.९ किमी/से पेक्षा जास्त निघाला, की आकडेमोड परत बघायची.

आता मूळ प्रश्न. एक सेकंद थांबव आणि बघ. त्या सेकंदात यान सरळ गेलं असतं तर ७६८० मीटर पुढे गेलं असतं. पण त्याच सेकंदात ते पृथ्वीकडे ½g't², म्हणजे ४.३४ मीटर पडतं. आणि स्पर्शिकेवरून ७६८० मीटर पुढे गेल्यावर कक्षेचं वर्तुळ किती खाली वळलेलं असतं? v²/2r, म्हणजे ४.३४ मीटरच. जेवढं पडलं तेवढीच वाट खाली वळली, म्हणून पृथ्वीपासूनचं अंतर तसंच राहिलं. यान सतत पडत असतं, फक्त जमीन गाठत नाही. हे मुक्तपतनच आहे.

आपल्याला वजन जाणवतं ते पृथ्वी ओढते म्हणून नव्हे, पायाखालची फरशी वर ढकलते म्हणून. लिफ्टच्या उदाहरणातलं N = m(g − a) आठव. दोर तुटला तर a = g आणि N = 0; वजनकाट्यावर उभा असलास तर काटा शून्यावर. यानातही तसंच: फरशी आणि अंतराळवीर दोघेही ८.६८ मी/से² त्वरणाने पडतात, त्यामुळे फरशी त्याला दाबतच नाही. उत्तरात लिही: "यान व अंतराळवीर दोघांचंही पृथ्वीच्या दिशेने त्वरण g' असल्याने अभिलंब बल शून्य होतं, म्हणून आभासी वजन शून्य असतं." "अपकेंद्री बलाने गुरुत्वाकर्षण रद्द होतं" असं मात्र लिहू नकोस. पृथ्वीवरून पाहणाऱ्याला ते बल नसतंच, आणि बलं खरंच रद्द झाली असती तर यान सरळ रेषेत निघून गेलं असतं.

याच विचाराचा एक फसवा प्रश्न येतो: स्थानकाबाहेर काम करताना हातातून पाना सुटला, तर तो किती वेळात जमिनीवर पडेल? लगेच s = ½gt² मध्ये ४०० किमी घालू नकोस. सुटताना पान्याचा वेगही ७.६८ किमी/से असतोच, म्हणून तो अंतराळवीराच्या शेजारीच फिरत राहतो. तिथली अतिविरळ हवा कक्षा हळूहळू खाली आणते, त्यामुळे स्थानकाला अधूनमधून इंजिन चालवून वर न्यावं लागतं. पण चाचणीतल्या उदाहरणांत हवेचा रोध धरायचा नसतो.