मोबाइलने इमारतीची उंची मोजताना

प्रश्न : इमारतीपासून १५ मीटरवर उभी राहून मोबाइलवर कोन घेते. दर वेळी उंची एक-दोन मीटरने वेगळी येते. का? (विद्यार्थिनी, खारघर)

तुम्ही फार जवळ उभ्या आहात. उंची म्हणजे अंतर × tan कोन, अधिक जमिनीपासून मोबाइलपर्यंतची उंची. १५ मीटरवर तुमचा कोन ६७° च्या आसपास येत असेल आणि तिथे tan भराभर वाढतो. ६७° ऐवजी ६८° वाचला, तर उंची १.८ मीटरने वाढते. हातात धरलेल्या मोबाइलमध्ये एवढी चूक सहज होते.

कोन ४५° च्या जवळ येईपर्यंत मागे सरका. ४० मीटरवर ४२° आला, तर ४० × ०.९०० = ३६; त्यात मोबाइलची १.५ मीटर उंची मिळवून ३७.५ मीटर. इथे एक अंश चुकला तर फरक साधारण १.३ मीटरचा पडतो. अंतर मोजताना होणाऱ्या चुकीच्या बाबतीत मागे सरकण्याचा फायदा याहून मोठा आहे: टेप अर्धा मीटर चुकली तर १५ मीटरवरून उंची सुमारे १.२ मीटरने बिघडते, ४० मीटरवरून फक्त ०.४५ ने. मात्र अंतर टेपनेच मोजा. मोबाइलच्या जीपीएसमध्ये काही मीटरची चूक असू शकते, म्हणजे सगळी मेहनत वाया.

प्रश्न : आमचा रस्ता उताराचा आहे. चढाच्या बाजूला उभा राहून मोजतो. चालेल का? (घोडबंदर रोड, ठाणे)

चालेल, पण मोबाइलची १.५ मीटर उंची मिळवू नका. इमारतीचा पाया तुमच्या पावलांपेक्षा खाली आहे, म्हणून पायथ्याकडेही खालचा कोन घ्या. समजा ४० मीटरवरून वरचा कोन ४०° आणि खालचा ७° आला. दोन्ही tan ची बेरीज ०.८३९ + ०.१२३ = ०.९६२, गुणिले ४० म्हणजे ३८.५ मीटर. नेहमीच्या रीतीने ३५.१ आलं असतं, अख्खा एक मजला गायब! टेप उतारावरून ताणल्याची काळजी करू नका. ५° उतारावर ४० मीटरमागे जेमतेम १५ सेंटीमीटर वाढतात. उताराच्या खालच्या बाजूला उभे असाल आणि पायथा मोबाइलच्याही वर दिसत असेल, तर त्याचा tan वजा करा.

प्रश्न : शेजारच्या टॉवरच्या आवारात सोडत नाहीत. दोन ठिकाणांहून कोन घेतले तर? (वाशी)

गणित बरोबर आहे: सपाट जागेवर, टॉवरच्या सरळ रेषेत, एकमेकींपासून २० मीटर अंतरावरच्या दोन जागांहून ४२° आणि ३१° आले, तर उंची २० ÷ (cot ३१° − cot ४२°), म्हणजे ३६ मीटर, अधिक १.५. पण ३१° ऐवजी ३२° वाचलात तर ४०.८ येतात. एका अंशाला जवळपास पाच मीटर! दोन जवळजवळच्या संख्यांच्या वजाबाकीवर सगळं अवलंबून असल्यामुळे हे होतं. म्हणून वॉचमनला विनंती करून आतलं अंतर मोजून घेणंच बरं. तेही पोडियमच्या भिंतीपर्यंत नको, वरच्या ज्या कठड्यावर नेम धरलात त्याच्या बरोबर खालच्या जागेपर्यंत. पोडियम ८ मीटर पुढे आलेला असेल, तर भिंतीपर्यंतच मोजल्याने ४२° च्या कोनात ७ मीटर उंची कमी भरते.