गच्चीवर सोलर पॅनल किती? आधी डिसेंबरची सावली मोजा

आमचा इन्स्टॉलर म्हणतो, दोन ओळींमध्ये एक फूट जागा पुरे. भाऊ म्हणतो, चार फूट तरी हवी. खरं काय धरायचं? (गंगापूर रोड)

पॅनल किती अंश तिरपा बसणार आहे हे ठरल्याशिवाय दोघांचाही आकडा तपासता येत नाही. सावली पडते ती पुढच्या ओळीच्या उंच कडेची. ही कड किती उंच असेल ते कलावर ठरतं.

सध्या बाजारात सर्रास मिळणारा 540 वॅटचा पॅनल सुमारे साडेसात फूट लांब आणि पावणेचार फूट रुंद असतो. तो उभा, म्हणजे लांब बाजू उतारावर ठेवून, 10 अंशांत बसवला तर मागची कड पुढच्या कडेपेक्षा साडेपंधरा इंच वर जाते. 15 अंशांत ती 23 इंच वर जाते आणि 20 अंशांत जवळजवळ 31 इंच.

आता नाशिकचा सूर्य. आपण जवळपास 20 अंश उत्तर अक्षांशावर आहोत. 21-22 डिसेंबरला भर मध्यान्ही सूर्य क्षितिजापासून साडेशेहेचाळीस अंशांवरच असतो, म्हणून एक मीटर काठीची सावली उत्तरेकडे 95 सेंटिमीटर पडते. नाशिकचं मध्यान्ह त्या दिवसांत घड्याळात साधारण 12:33 ला येतं, बाराला नव्हे. त्याच्या तीन तास आधी, म्हणजे साडेनऊच्या सुमारास, सावली वायव्येला तिरकी पडते आणि तिची उत्तरेकडची पोच काठीच्या सव्वापट होते. दुपारी साडेतीनलाही तेवढीच, फक्त ईशान्येला. या सहा तासांत ओळ सावलीबाहेर राहिली की वर्षभराची काळजी मिटते.

म्हणून कडेच्या उंचीला सव्वाने गुणा. 10 अंशांना 20 इंच, 15 अंशांना अडीच फूट आणि 20 अंशांना सव्वातीन फूट अंतर येतं. एक फूट यातल्या कशालाच पुरत नाही आणि चार फुटांत जागा वाया जाते.

हा हिशेब उन्हाळ्यात गच्चीवर उभं राहून पटत नाही. 21 मार्चच्या सुमारास तीच काठी मध्यान्ही जेमतेम 36 सेंटिमीटर सावली टाकते आणि 20 मेच्या आसपास तर सावली पायाखालीच येते. सुरुवातीच्या काळात मी एका घराची जागा मार्चमध्ये पाहून ओळी आखल्या. डिसेंबरात मागच्या ओळीच्या खालच्या पट्टीवर रोज सकाळी सावली बसू लागली. मालकांनी बिलं दाखवली तेव्हा मला फार वाईट वाटलं. पुढे ती ओळ उकलून मागे सरकवली. तेव्हापासून मी कागदावर आधी डिसेंबर काढतो, मग पॅनल.

आमची गच्ची 30 बाय 40, म्हणजे 1200 चौरस फूट. किलोवॅटला 100 फूट या हिशेबाने 12 किलोवॅट बसेल असं सांगितलंय. जिन्याची खोली नैर्ऋत्येला आहे, तिच्यावर टाकी. बसेल का? (इंदिरानगर)

12 किलोवॅट म्हणजे 22 पॅनल. तुमच्या गच्चीवर जमिनीलगतच्या स्ट्रक्चरवर ते बसणार नाहीत. तुम्ही पाठवलेल्या नकाशावरून मी पूर्ण आखणी करून पाहिली, ती सांगतो.

गच्ची पूर्व-पश्चिम 30 फूट, दक्षिणोत्तर 40 फूट. कठडा साडेतीन फूट उंच. पॅनलची खालची कड फरशीपासून दीड फुटावर धरली, तर कठडा तिच्यापेक्षा दोन फूट वर राहतो. त्याची सावली दक्षिणेकडून आत अडीच फूट आणि पूर्व-पश्चिमेकडून पावणेतीन फूट येते. म्हणून या तिन्ही बाजूंना तीन-तीन फूट सोडले. उत्तरेच्या कठड्याची सावली हिवाळ्यात बाहेर पडते, तिथे दीड फूट भागतं. रुंदीला उरले 24 फूट, त्यात मधल्या क्लॅम्पच्या फटी धरून सहा पॅनल बसतात. इथपर्यंत चित्र चांगलं दिसतं.

अडचण जिन्याच्या खोलीची आहे. ती 9 बाय 14 फूट आणि 8 फूट उंच, म्हणजे पॅनलच्या खालच्या कडेपेक्षा साडेसहा फूट वर. डिसेंबरात दुपारी साडेतीनला तिची सावली उत्तरेला सव्वाआठ फूट आणि पूर्वेला नऊ फूट पसरते. त्यामुळे दक्षिणेच्या कठड्यापासून 22 फुटांपर्यंतच्या भागात पश्चिमेकडचे 18 फूट पॅनलसाठी बाद होतात. उरलेल्या पूर्वेच्या पट्ट्यात एका ओळीत दोनच पॅनल मावतात. अशा दोन ओळी, म्हणजे चार पॅनल. 22 फुटांच्या पुढे मात्र पूर्ण रुंदी मोकळी आहे, तिथे सहांची ओळ लागते.

आता शेवटची ओळ. 15 अंशांच्या कलाने तिसरी ओळ संपून अडीच फूट सोडले, की उत्तरेला चौथी उभी ओळ बसायला जागा कमी पडते. तिथे फक्त तीन पॅनल आडवे बसतील. एकूण 13, म्हणजे 7 किलोवॅट. कल 10 अंशांवर आणला की ओळींमधलं अंतर 20 इंच होतं आणि चौथी ओळही सहांची उभी बसते. एकूण 16, म्हणजे 8.6 किलोवॅट. कल उतरवल्याने प्रत्येक पॅनलमागे वर्षाची वीज साधारण एक-दीड टक्का घटते, पण तीन पॅनल वाढतात. मी तुमच्या जागी 10 अंशच घेईन. त्याची किंमत एवढीच की धूळ खालच्या कडेला जास्त साचेल आणि पाऊस नसलेल्या महिन्यांत धुणं चुकवता येणार नाही.

हा सगळा हिशेब टाकी खोलीवरून हलवली तरच खरा. टाकीचा माथा फरशीपासून 13 फुटांवर आहे. ती खोलीच्या उत्तर टोकाला आहे, त्यामुळे डिसेंबरात भर मध्यान्हीच तिची सावली तिसऱ्या ओळीच्या खालच्या कडेवर येते आणि दुपारभर पूर्वेकडे सरकत राहते. सावली अरुंद असली तरी नुकसान अरुंद नसतं. उभ्या बसवलेल्या हाफ-कट, म्हणजे सेल अर्ध्या कापून बनवलेल्या, पॅनलच्या तळाची पट्टी पूर्ण झाकली, तर खालचा अर्धा भाग जवळपास बंदच पडतो. टाकी खोलीच्या उत्तर भिंतीला लागून, फरशीवर, माथा पाच फुटांच्या आत राहील अशी आणली तर ती आधीच बाद झालेल्या सावलीच्या भागात मावते. पाण्याचा दाब मात्र वरच्या मजल्यावर कमी होईल, त्यासाठी छोटा प्रेशर पंप लागेल. वास्तूच्या समजुतीने टाकी नैर्ऋत्येलाच हवी असेल, तर या जागी ती नैर्ऋत्येतच राहते, फक्त खाली उतरते.

चालायची वाट सोडली की चार-पाच पॅनल कमी होतात. सफाईवाला वर्षातून दोनदाच येतो, पॅनलवर पाय ठेवून गेला तर नाही का चालणार? (सिडको)

नाही. पॅनलची काच फुटत नाही म्हणून लोकांना वाटतं की काही झालं नाही. पण काचेखालच्या सेल अगदी पातळ असतात, पायाच्या दाबाने त्यांना डोळ्यांना न दिसणाऱ्या चिरा पडतात. काही महिन्यांनी कधी त्या जागी गोगलगाईच्या मागासारख्या करड्या रेषा उमटतात, कधी एखादी जागा तापून पिवळसर पडते. त्या पॅनलची वीज शेजारच्या पॅनलपेक्षा सतत कमी राहिली, की तपासणीत बऱ्याचदा पावलाचीच जागा सापडते.

वाटेसाठी वेगळे पॅनल कमी करण्याची वेळ सहसा येत नाही. सावलीसाठी जी जागा सोडावीच लागते, तीच वाट. वर इंदिरानगरच्या गच्चीवर कठड्यालगतचे तीन फूट म्हणजे चालायचा रस्ता, आणि ओळींमधल्या 20 इंचांत माणूस बादली घेऊन जाऊ शकतो. तिथून लांब दांड्याचा मॉप साडेसात फुटांच्या पॅनलवर वरपर्यंत पोचतो. वाट कमी पडते ती दोन उभे पॅनल एकावर एक लावले तेव्हा. मग 15 फुटांचा उतार होतो, त्याला दोन्ही बाजूंनी हात पोचायला हवा.

आणखी एक जागा मोकळी हवी, पावसाच्या पाण्याच्या पाइपाचं तोंड. स्ट्रक्चरचा पाया त्याच्यावर आला आणि पालापाचोळा अडकला की जुलैत गच्चीवर तळं होतं. आखणीच्या कागदावर ही तोंडं पहिल्यांदा खुणावा.

आम्हाला फक्त अनुदानापुरतं 3 किलोवॅट हवंय. किती जागा लागेल? (नाशिकरोड)

540 वॅटचे सहा पॅनल पुरतात, त्यांची क्षमता 3.24 किलोवॅट होते. एका ओळीत लावले तर लांबी 23 फूट आणि रुंदी साडेसात फूट. एकच ओळ असल्याने ओळींमधल्या अंतराचा प्रश्नच येत नाही, फक्त दक्षिणेच्या कठड्यापासून अडीच-तीन फूट मागे राहा. पीएम सूर्यघर योजनेत 3 किलोवॅटला 78,000 रुपये मिळतात आणि त्यापुढे अनुदान वाढत नाही, त्यामुळे पूर्ण गच्ची भरायची घाई करू नका.

आठ-नऊ फूट उंच स्ट्रक्चर केलं तर खाली कपडे वाळतील, पापड-कुरडया घालता येतील, आणि सावलीही टळेल ना? (पंचवटी)

कठड्याची सावली टळते. पॅनल जिन्याच्या खोलीच्याही वर नेले तर तिचीही टळते. सगळे पॅनल एकाच सलग उतारावर ठेवले तर ओळींमधलं अंतरही लागत नाही, कारण कोणाचीच कड कोणापुढे उंच येत नाही. 30 बाय 40 च्या गच्चीवर सातांच्या चार ओळी, म्हणजे 28 पॅनल बसू शकतात. 16 आणि 28 मधला फरक आहे तो इथे.

पण त्यात वाट सोडायला विसरू नका, उंचावर ती जास्त गरजेची असते. दोन ओळींनंतर दोन फुटांची जाळीदार लोखंडी पायवाट घ्या आणि तिला कठडा लावा. नऊ फुटांवर, ओल्या काचेशेजारी, आधाराशिवाय कोणालाही उभं करू नये. सलग उतार फार चढू नये म्हणून कल पाच अंशांच्या आसपास ठेवावा लागतो, त्यामुळे धूळ आपोआप फारशी वाहून जात नाही.

खांब कुठे उभे राहतात ते सगळ्यांत महत्त्वाचं. एवढं मोठं सलग छप्पर वादळी वाऱ्यात वर उचललं जातं. म्हणून खांब इमारतीच्या बीम-कॉलमवर यायला हवेत, नुसत्या स्लॅबवर नाहीत. इमारतीचा आरसीसी नकाशा असलेला स्ट्रक्चरल इंजिनिअर हे पाहून सही करत नसेल, तर ते काम सुरू करू नका. पापड-कुरडयांसाठी उन्हाचा कोपरा मात्र वेगळा ठेवा. 28 पॅनलखाली सावलीच राहील.