दहाव्या सेकंदाला नेमकं काय बदलतं?

प्रश्न: पुस्तकात दिलंय की दहा सेकंदांपर्यंत पहिली ऊर्जा प्रणाली, दोन मिनिटांपर्यंत दुसरी आणि त्यानंतर तिसरी. मग दहाव्या सेकंदाला शरीरात नेमकं काय बदलतं? (वय १४)

काहीच बदलत नाही. तो तक्ता पाठ करताना बहुतेकांची गफलत इथेच होते. तिन्ही प्रणाली पहिल्या पावलापासून एकदमच कामाला लागतात, फक्त प्रत्येकीचा वाटा कमी-जास्त होत जातो.

स्नायूला आकुंचन पावायला एटीपी नावाचा पदार्थ लागतो, दुसरं काही चालत नाही. तो स्नायूत जेमतेम दोन-तीन सेकंद जीव तोडून पळण्यापुरता साठलेला असतो. त्यामुळे तो खर्च होताहोताच नव्याने बनवावा लागतो, आणि बनवायचे मार्ग तीन. पहिला मार्ग क्रिएटिन फॉस्फेटचा. हा पदार्थही स्नायूतच असतो आणि एकाच पायरीत एटीपी तयार करून देतो, म्हणून तो सर्वांत झटपट. पण साठा लहान. पूर्ण जोरात धावलं तर दहा सेकंदांच्या आसपास त्यातला बराचसा संपतो. दुसरा मार्ग म्हणजे स्नायूतलं ग्लायकोजेन ऑक्सिजनशिवाय फोडायचं. यात ग्लुकोजच्या एका रेणूमागे ३ एटीपी मिळतात आणि लॅक्टेट तयार होतं. तिसऱ्या मार्गात तोच रेणू ऑक्सिजन वापरून पूर्ण जाळला जातो आणि ३० च्या आसपास एटीपी मिळतात, पण हे काम सावकाश चालतं.

थोडक्यात, जो मार्ग जितका वेगवान तितका तो लवकर आटतो. ४०० मीटरची शर्यत मिनिटभरात आटोपते, तरी तिच्यातली साधारण ४० टक्के ऊर्जा तिसऱ्या, म्हणजे ऑक्सिजनच्या मार्गाने आलेली असते. ८०० मीटरमध्ये तो वाटा निम्म्याच्या वर जातो. तक्त्यातल्या वेळा ‘या टप्प्यात कोणाचा वाटा मोठा’ एवढंच सांगतात.

प्रश्न: १०० मीटरमध्ये शेवटच्या वीस मीटरला मी मागे पडतो. स्टॅमिना कमी पडतोय म्हणून रोज सकाळी पाच किलोमीटर पळायला सुरुवात करू का? (वय १६)

नको. शेवटच्या वीस मीटरला वेग सगळ्यांचाच उतरतो. उसेन बोल्टने २००९ साली बर्लिनमध्ये ९.५८ सेकंदांचा विक्रम केला, त्या शर्यतीत ६० ते ८० मीटरच्या टप्प्याला त्याला १.६१ सेकंद लागले आणि शेवटच्या वीस मीटरला १.६६. म्हणजे तोही मंदावलाच होता. तोवर क्रिएटिन फॉस्फेटचा साठा उतरणीला लागलेला असतो, आणि मेंदूकडून स्नायूंना इतक्या भराभर आज्ञा जात राहणंही अवघड होतं. तुझ्या शेजारच्या लेनमधला पुढे निघतो तो शेवटी वेग वाढवून नव्हे, तुझ्यापेक्षा कमी मंदावून. पाच किलोमीटर पळून हे सुधारत नाही, कारण ते अंतर जवळजवळ सगळं तिसऱ्या प्रणालीवर कापलं जातं.

तुला हवा पूर्ण वेगाचा आणि पूर्ण विश्रांतीचा सराव. ३० मीटरचे चार ते सहा रिपीट मार आणि दोन रिपीटमध्ये तीन मिनिटं थांब. ६० मीटरचे मारायचे असतील तर सहा मिनिटं थांब. दर दहा मीटरमागे एक मिनिट, हा हिशेब लक्षात ठेवायला सोपा आहे. थांबायचं म्हणजे हळूहळू चालायचं. धाप मिनिटभरातच ओसरते, त्यामुळे ‘झालो तयार’ असं वाटतं आणि मुलं दीड मिनिटातच पुन्हा सुटतात. पण श्वास शांत झाला म्हणजे साठा भरला असं नसतं. विश्रांती अशी कापत गेलास की भार दुसऱ्या प्रणालीवर सरकतो आणि १०० मीटरचा सराव नकळत ४०० मीटरचा होऊन बसतो.

वेग उतरलेला ओळखायचा कसा? हातातल्या स्टॉपवॉचवर ०.१ सेकंदाच्या फरकावर विसंबू नकोस, बोट दाबण्यातच तेवढी चूक होते. फोन स्टँडवर लावून सेकंदाला ६० फ्रेमचा व्हिडिओ घे आणि पहिली हालचाल ते अंतिम रेषा एवढ्या फ्रेम मोज. एक फ्रेम म्हणजे ०.०१७ सेकंद. ३० मीटरची वेळ सहा-सात फ्रेमने वाढली की त्या दिवसाचा वेगाचा सराव तिथेच थांबव.

प्रश्न: मी विंगर आहे. पहिल्या हाफमध्ये सगळ्यांच्या पुढे असते, पण नंतर एक स्प्रिंट मारली की लगेच दुसरी मारताच येत नाही. वेग कमी पडतोय की दमसास? (वय १५)

फुटबॉलमध्ये या दोन्ही गोष्टी एकमेकींत गुंतलेल्या असतात, म्हणून आधी त्या वेगळ्या करून पाहायला हव्यात.

मोठ्यांच्या सामन्यात मैदानी खेळाडू ९० मिनिटांत साधारण १० ते १२ किलोमीटर धावतो. त्यातलं बहुतेक अंतर चालत किंवा हलक्या धावेने कापलं जातं आणि एकेक स्प्रिंट दोन ते चार सेकंदांचीच असते. ती स्प्रिंट पहिल्या दोन प्रणालींवर मारली जाते. पण दोन स्प्रिंटच्या मध्ये क्रिएटिन फॉस्फेटचा साठा पुन्हा भरायचं काम तिसरी प्रणाली करते, कारण त्यासाठी लागणारी ऊर्जा ऑक्सिजनवरच तयार होते. गेलेल्यापैकी साधारण निम्मा साठा अर्ध्या मिनिटात परत येतो. जवळजवळ पूर्ण भरायला तीन ते पाच मिनिटं लागतात.

हे आकड्यांत मांडून बघ. सोयीसाठी धरू की साठा १०० आहे आणि एका स्प्रिंटमध्ये ४० खर्च होतात. पहिल्या स्प्रिंटनंतर उरले ६०. तीस सेकंद मिळाले तर गेलेल्या ४० पैकी २० परत येतात, म्हणजे दुसरी स्प्रिंट ८० वरून सुटते आणि ४० वर संपते. पुन्हा तीस सेकंद, साठा ७०. तिसरी स्प्रिंट संपते तेव्हा उरतात ३०, आणि चौथी सुरू होते ६५ वर. आता मधली विश्रांती एक मिनिटाची धर. मग पहिल्या स्प्रिंटनंतर ६० चे ९० होतात आणि तिसरी स्प्रिंटसुद्धा ८७ च्या वरून सुटते. जिची तिसरी प्रणाली तगडी, तिचा साठा तेवढ्याच वेळात जास्त भरतो. तुझी ‘दुसरी स्प्रिंट’ इथे अडते आहे का, ते एका चाचणीत कळेल.

एका दिवशी ३० मीटरच्या तीन स्प्रिंट मार, मध्ये तीन-तीन मिनिटं थांबून. दोन दिवसांनी त्याच ३० मीटरच्या सहा स्प्रिंट मार, दर तीस सेकंदांनी एक. समजा पहिल्या दिवशीच्या वेळा ४.८०, ४.८२, ४.८१ आल्या आणि दुसऱ्या दिवशी ४.८०, ४.८८, ४.९८, ५.१०, ५.२०, ५.२४. दुसऱ्या दिवसाची बेरीज ३०.२० होते. सहाही स्प्रिंट ४.८० च्या झाल्या असत्या तर ती २८.८० असती. म्हणजे घट जवळजवळ ५ टक्के. पूर्ण विश्रांती मिळाली तर वेग टिकतोय, तुटपुंज्या विश्रांतीत टिकत नाही. असा निकाल आला तर वेग ठीक आहे, साठा भरण्यात तू कमी पडतेस. एक काळजी घे: पहिली स्प्रिंट राखून मारली तर घट कमी दिसते आणि निकाल फसवतो. दुसऱ्या दिवशीची पहिली वेळ आदल्या चाचणीतल्या सर्वोत्तम वेळेच्या जवळ आली नाही तर चाचणी रद्द समज.

यावर उपाय म्हणजे आठवड्यातून दोनदा चार मिनिटांचे चार तुकडे, मध्ये तीन मिनिटं हलकी धाव. वेग असा ठेव की चार मिनिटांच्या शेवटी दोन-तीन शब्दांपलीकडे बोलता येऊ नये, पण चौथा तुकडाही पहिल्याइतकाच लांब जावा. चौथ्यात अंतर घटलं तर पहिला जास्त जोरात झाला होता. सामन्याच्या आदल्या दिवशी हे करायचं नाही. सहा ते आठ आठवड्यांनी तीच चाचणी पुन्हा घे.

चाचणीत घट जेमतेम एक-दोन टक्के आली आणि तरीही फक्त सामन्याच्या शेवटीच पाय ओढत असतील, तर कारण वेगळं आहे. तासाभराच्या खेळात पायांतलं ग्लायकोजेन बरंच खर्च झालेलं असतं. अशा वेळी आधी बघायचं ते सामन्यापूर्वी तीन-चार तास पिष्टमय पदार्थांचं पोटभर जेवण झालं होतं का.

प्रश्न: ४०० मीटरच्या शेवटी पायांत आग होते आणि दुसऱ्या दिवशी पाय दुखतात. लॅक्टिक ॲसिड साचतं ना? ते काढायचं कसं? (वय १६)

या दोन वेगवेगळ्या तक्रारी आहेत आणि लॅक्टेटवर दोन्हींचा आळ उगाच येतो. दुसरी प्रणाली जोरात चालते तेव्हा स्नायूत आम्लता वाढते आणि क्रिएटिन फॉस्फेट फुटून निघालेला फॉस्फेटही साचतो. पाय जड होतात आणि आग होते ती प्रामुख्याने यामुळे. लॅक्टेट त्याच वेळी तयार होतं, पण ते टाकाऊ नाही. हृदय आणि दुसरे स्नायू ते इंधन म्हणून वापरतात, यकृत त्याचं पुन्हा ग्लुकोज करतं. तासाभरात त्याची पातळी मूळ पदावर येते. मग दुसऱ्या दिवशीचं दुखणं त्याचं कसं असेल? ते स्नायूंच्या तंतूंना झालेल्या बारीक इजेमुळे असतं, आणि सवय नसलेला ताण पडला की जास्त जाणवतं.

शर्यतीनंतर लगेच बसू नकोस, दहा-पंधरा मिनिटं हलकी धाव घे. त्याने लॅक्टेट लवकर वापरलं जातं, आणि तासाभराने दुसरी फेरी धावायची असेल तर याचा फायदा होतो. दुसऱ्या दिवशीचं दुखणं मात्र त्याने फारसं टळत नाही. आग सहन करायची सवय म्हणून रोज ३०० मीटरचे जीवघेणे रिपीट मारू नकोस. दुसरी प्रणाली वयात येताना हळूहळू पक्की होते. या वयात असा सराव आठवड्यातून एकदा पुरे.

प्रश्न: ३००० मीटरमध्ये पहिला राउंड सहज जातो, तिसऱ्या राउंडपासून हाल होतात. असं का? (वय १५)

कारण पहिला राउंड उधारीवर पळला जातो. तिसऱ्या प्रणालीला गरजेइतका ऑक्सिजन वापरू लागायला दोनेक मिनिटं लागतात, तोवरची तूट पहिल्या दोन प्रणाली भरून काढतात. सुरुवातीला त्यांचा साठा ताजा असतो, म्हणून काहीच जाणवत नाही.

तुझं लक्ष्य १२ मिनिटांचं असेल तर दर ४०० मीटरला ९६ सेकंद हवेत. पहिला राउंड ८४ मध्ये मारलास तर जिंकलेले बारा सेकंद तिसऱ्या-चौथ्या राउंडला व्याजासकट जातात. पहिले २०० मीटर ४७ ते ४८ सेकंदांत जाऊ दे, बाकीचे पुढे पळाले तरी. आणि वॉर्मअप टाळू नकोस. दहा मिनिटं हलकी धाव, मग ८० मीटरच्या तीन-चार मोकळ्या, वेगाच्या धावा, आणि हे सगळं शर्यतीच्या पाच ते दहा मिनिटं आधी संपव. त्याने ऑक्सिजनचा वापर लवकर वर चढतो आणि उधारी कमी होते. अर्धा तास आधी वॉर्मअप करून सावलीत बसून राहिलास, तर तो फायदा बराचसा निघून जातो.