नंबर देऊ का ताई?

"ताई, दूधवाला बदलायचा तरी तुम्हाला विचारावंसं वाटतं. न विचारता काही केलं की दिवसभर छातीत धडधडतं. हे सुटेल का कधी?"

सुटतं. पण आधी एक केस सांगते, कारण गेल्या वर्षभरात हेच मला वेगवेगळ्या शब्दांत इतक्या जणींनी आणि दोन-तीन पुरुषांनीही विचारलंय की आता एकदा सविस्तर लिहायलाच हवं. ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.

ती घरीच शिवणकाम करते, ब्लाउज, फॉल-पिको, दोन मुलं. पहिल्यांदा आली ती नवऱ्याच्या बदलीचा प्रश्न घेऊन. मी ज्योतिष कृष्णमूर्ती पद्धतीने बघते. त्यात विचारणाऱ्याने 1 ते 249 मधला एक आकडा मनात धरून सांगायचा, त्यावरून लग्न, म्हणजे कुंडलीचं पहिलं घर, घ्यायचं आणि ग्रह मात्र त्या वेळेचे मांडायचे. मी महिना सांगितला, बदली त्याच महिन्यात झाली. तिथून सुरू झालं. आधी महिन्यातून एक प्रश्न, मग आठवड्याला, मग व्हॉट्सॲपवर "ताई नंबर देऊ का?" मशीन रिपेअर करू की नवीन घेऊ, नणंदेच्या डोहाळजेवणाला जाऊ का, मुलीचा क्लास बदलू का, आज उधार मागायला फोन करू की उद्या. एकदा बसून मोजले तर एका महिन्यात 41 निघाले.

इथे माझी चूक स्पष्ट सांगते. मी उत्तरं देत होते. रात्री अकराला मेसेज आला तरी पाच मिनिटांत रिप्लाय, आणि प्रत्येक प्रश्नाचे पैसेही घेत होते. मला वाटायचं बाईला आधार मिळतोय. मिळत होता, पण तासाभराचा. उत्तर आलं की जीव भांड्यात पडायचा, आणि थोड्या वेळात तीच शंका परत, जरा मोठी होऊन. जितक्या लवकर उत्तर मिळतं तितका पुढचा प्रश्न लवकर येतो हे मला फार उशिरा कळलं.

मग सहलीचा दिवस आला. मुलाची शाळेची सहल वेरूळला जाणार होती, पाठवू का? सकाळी नंबर दिला 47. दुपारी तोच प्रश्न, 112. संध्याकाळी पुन्हा, 203. मी तिला सांगितलं, आज व्हॉट्सॲपवर काही सांगणार नाही, उद्या घरी ये.

तिन्ही कुंडल्या प्रिंट काढून टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या.

"यातली खरी कुठली?" मी विचारलं.

"तेच तर तुम्ही सांगायचं ना."

"एकीत नको दिसतंय, एकीत चालेल, तिसरीत धड काहीच नाही. आकडा बदलला की लग्न बदलतं, सगळी घरं सरकतात. दहा आकडे दिलेस तर दहा उत्तरं मिळतील. आता हा चंद्र बघ, तिन्हींमध्ये."

चंद्र तासाला साधारण अर्धा अंश सरकतो, सकाळ ते संध्याकाळ म्हणजे पाच-सहा अंश फार तर. तिन्ही कागदांवर तो त्याच राशीत होता, शनीजवळ. आमच्या शास्त्रात चंद्र म्हणजे विचारणाऱ्याचं मन आणि शनीबरोबरचा चंद्र म्हणजे दडपण. ती बराच वेळ त्या तीन कागदांवर बोट फिरवत बसली. मीही काही बोलले नाही, आणि माझ्या इतक्या वर्षांच्या अनुभवात ते न बोलणंच सगळ्यात कामाचं ठरलंय.

मग म्हणाली, "सहलीला काही झालं तर सासूबाई म्हणतील, तुला कोणी सांगितलं होतं अक्कल चालवायला."

"आधी म्हणाल्यात का कधी?"

म्हणाल्या होत्या. चार वर्षांपूर्वी हिने कोणाला न विचारता भिशीत पैसे टाकले, भिशी चालवणारी गाव सोडून गेली, 60,000 बुडाले. घरात महिनाभर तेच वाक्य. त्यानंतर हिने स्वतःच्या नावावर एकही निर्णय घेतला नव्हता. आधी नवऱ्याला विचारायची, तो वैतागायला लागला तेव्हा मी सापडले.

तेव्हा मला उलगडलं. ती माझ्याकडे भविष्य विचारायला येतच नव्हती, चुकलं तर "पत्रिकेत तसं होतं" म्हणता यावं म्हणून येत होती. मी तिची साक्षीदार होते. म्हणूनच माझी उत्तरं बरोबर आली की चूक हे तिने कधी तपासलंच नव्हतं! मी विचारलं, मागच्या महिन्यातल्या 41 पैकी किती बरोबर आले? तिला चारही आठवेनात.

पुढचं काम सरळ होतं पण सोपं नव्हतं. एक साधी वही, तीन रकाने. पहिल्यात प्रश्न, दुसऱ्यात स्वतःचं उत्तर आणि त्याचं एका ओळीत कारण, तिसरा रिकामा, आठ दिवसांनी काय झालं ते लिहायला. दुसरा रकाना भरल्याशिवाय मला नंबर पाठवायचा नाही आणि भरल्यावरही एक रात्र जाऊ द्यायची. मी उत्तर फक्त मंगळवारी संध्याकाळी देणार, आणि प्रश्नामागे पैसे घेणं बंद. पहिल्या आठवड्यात वहीत 19 प्रश्न होते, माझ्यापर्यंत आले 6. बाकीचे सकाळपर्यंत आपोआप विरले, त्यातले काही तर वाचताना तिलाच लाज वाटली म्हणे.

तिसऱ्या आठवड्यात प्रश्न एकदम शून्यावर आले. मला शंका आली, थेट विचारलं. मिनिटाला पैसे घेणाऱ्या एका ॲपवर दुसऱ्या ज्योतिषाशी बोलायला लागली होती. हे बहुतेकांचं होतं, त्यामुळे दचकू नका, लपवू मात्र नका. मी रागावले नाही, तेही प्रश्न त्याच वहीत लिहायला लावले, खर्चासकट. महिन्याचा आकडा स्वतःच्या अक्षरात बघितल्यावर तिने ॲप काढून टाकलं.

दोन महिन्यांनी तिसरा रकाना वाचायला बसलो. तिचे स्वतःचे अंदाज बऱ्यापैकी बरोबर होते, आणि जिथे चुकले तिथे नुकसान म्हणजे एक वाया गेलेली रिक्षा, एक सैल झालेला ब्लाउज. भिशीएवढं काहीच नाही. हे तिला माझ्या तोंडून पटलं नसतं.

तुम्ही विचारलंय म्हणून एवढं सांगते. दूधवाल्याचा प्रश्न लावूच नका, जी गोष्ट आठ दिवसांत परत फिरवता येते तिला पत्रिका लागत नाही. घर, नोकरी, लग्न, कोर्टकचेरी, जिथे बरंच काही दुसऱ्याच्या हातात असतं, तिथे जरूर विचारा, पण एकदाच. परिस्थिती बदलल्याशिवाय तोच प्रश्न पुन्हा लावायचा नाही हा आमच्यातला जुना नियम आहे. धडधड पहिले दोन-तीन आठवडे वाढते, मग उतरते. उतरलीच नाही, झोप मोडायला लागली, गॅस-कडी पुन्हा पुन्हा तपासणं पण सुरू असेल, तर ते माझं काम नाही, मानसोपचारतज्ज्ञांकडे जा. सरकारी टेलि-मानसचा 14416 हा नंबर फुकट आहे, मराठीतही बोलतात. आणि घरच्यांनी "तूच ठरव ना बाई" असं तोडून टाकू नये, "तुला काय वाटतं?" विचारावं आणि उत्तर येईपर्यंत थांबावं.

ती परवा आली होती, सात महिन्यांनी. दुकानाचा गाळा घ्यायचाय, खरोखर मोठा प्रश्न. नंबर दिला आणि वहीतून फाडलेला एक घडी घातलेला कागद माझ्यापुढे ठेवला.

"ताई, आधी तुमचं सांगताय की माझं वाचताय?"

मी कुंडली बाजूला सारली आणि कागद उघडला.