हीटर, एसएसआर आणि स्लो पीडब्ल्यूएम: वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

सर, अर्डुइनोच्या पिन ९ वरून analogWrite ने एसएसआर चालवतोय, हीटर २ किलोवॉटचा, १० लिटर पाण्याचा बाथ आहे. पीआयडी कितीही ट्यून केला तरी तापमान वर-खाली होतंच. पीडब्ल्यूएमची फ्रिक्वेन्सी अजून वाढवू का?

नको, कमी करा, आणि तीही थोडीथोडकी नाही. हा प्रश्न मला सतत येतो आणि प्रत्येकाला कुणीतरी "फ्रिक्वेन्सी वाढव, स्मूथ होईल" असंच सांगितलेलं असतं. कुठून येतं हे देव जाणे.

आपल्याकडे लाईट ५० हर्ट्झची, म्हणजे व्होल्टेज सेकंदाला १०० वेळा शून्यातून जातो. बाजारात मिळणारे बहुतेक एसी एसएसआर, म्हणजे हलणारे कॉन्टॅक्ट नसलेले सॉलिड स्टेट रिले, झिरो क्रॉसवाले असतात, ते चालू व्हायचं की नाही हे फक्त त्या शून्याच्या आसपासच ठरवतात, आणि एकदा चालू झाले की करंट परत शून्यावर येईपर्यंत बंद होत नाहीत, मग इनपुट तुम्ही काढून घ्या नाहीतर काहीही करा. म्हणजे तुमच्या हातात पॉवरचा सगळ्यात लहान तुकडा एकच, १० मिलिसेकंदांचा अर्धा सायकल. पिन ९ चा पीडब्ल्यूएम ४९० हर्ट्झचा, त्याची एक पल्स साधारण २ मिलिसेकंदांची. एका अर्ध्या सायकलमध्ये जवळजवळ पाच पल्स येऊन जातात आणि एसएसआर बघतो फक्त शून्यापाशी योगायोगाने जी असेल तिच्याकडे. ती शून्याजवळची खिडकी थोडी रुंद असते, त्यामुळे ५० टक्के मागितले तर बऱ्याचदा त्याहून जास्त मिळतात आणि १०० च्या बरेच आधी हीटर पूर्ण चालू झालेला असतो. पीआयडीला वाटतं आपण ८० देतोय, हीटर घेतोय सगळंच. मग बिचारा ट्यून होणार कसा?

रँडमवाला, म्हणजे झिरो क्रॉस नसलेला एसएसआर घेतलात तर अजून मजा. दर २ मिलिसेकंदांनी पल्स येणारच, पहिल्या पल्सलाच तो लॅच होतो, म्हणून १० टक्के द्या नाहीतर ९० द्या, हीटर जवळजवळ फुल्ल.

इलाज सोपा आहे, स्लो पीडब्ल्यूएम. २ सेकंदांची विंडो धरा, म्हणजे २०० अर्धे सायकल. ३५ टक्के हवेत तर विंडोतले पहिले ७०० मिलिसेकंद सलग चालू, उरलेले १३०० बंद. अर्ध्या टक्क्यापर्यंत पॉवर ठरवता येते, त्याहून बारीक पाण्याच्या बाथला लागत नाही.

```
if (millis() - windowStart >= 2000) windowStart += 2000;
digitalWrite(ssrPin, (millis() - windowStart) < output);
```

विंडो २ सेकंदच का? मित्र म्हणतो ३० सेकंद ठेव.

मित्राचा आकडा कशावरून आला ते विचारा. १० लिटर पाणी १ डिग्री तापवायला साधारण ४२ हजार जूल लागतात. २ किलोवॉटचा हीटर २ सेकंद पूर्ण चालला तरी ४ हजार जूल देतो, म्हणजे जेमतेम ०.१ डिग्री. प्रत्यक्षात त्याहून खूप कमी हलतं कारण हीटर सहसा पूर्ण विंडोभर चालू नसतो आणि पाणी उष्णता सोडतही असतं. ३० सेकंदांची विंडो अर्धा वेळ चालू, अर्धा वेळ बंद अशी चालली तर पाणी ०.३-०.४ डिग्री वर-खाली होईल, आणि पीआयडी त्या हलण्यामागेच धावत बसेल. हीटर-सेन्सर यांच्यात जो उशीर असतो त्याच्या पुष्कळ खाली विंडो ठेवायची. पातळ पत्र्याची हॉटप्लेट असेल तर १ सेकंद, जाड लोखंडी डाय असेल तर ५ सुद्धा चालतील. तुमचा सेटअप वेगळा असेल तर आकडे घेऊन एखाद्या इन्स्ट्रुमेंटेशनवाल्याला दाखवा, अंदाजाने नको.

तुमच्यासारखाच कोड टाकलाय, पण हीटर धड तापतच नाही, विंडोत एकदा लुकलुकतो आणि बंद.

पीआयडी लायब्ररीचं आउटपुट डीफॉल्टला ० ते २५५ असतं. २००० च्या विंडोत २५५ म्हणजे १३ टक्के. SetOutputLimits(0, 2000) टाका.

एसएसआरऐवजी साधा रिले वापरला तर? माझ्याकडे पडून आहे.

२ सेकंदांच्या विंडोला नाही. दिवसाला ४३,२०० वेळा टकटक होईल. पूर्ण लोडवर लाखभर ऑपरेशनचं आयुष्य धरलं तरी तिसऱ्या दिवशी कॉन्टॅक्ट जळतील किंवा चिकटतील, आणि चिकटले म्हणजे हीटर चालूच.

हीटर चालू-बंद होताना घरातले बल्ब मिचकतात.

लाईन कमजोर आहे. विंडो थोडी वाढवा, म्हणजे मिचकणं विरळ होईल; सेकंदाला आठ-नऊ वेळा होणारं मिचकणं डोळ्याला सगळ्यात जास्त खुपतं, त्यापासून जितकं हळू तितकं बरं. पण आधी वायरमनकडून न्यूट्रल आणि कनेक्शन बघून घ्या, लूज न्यूट्रल असेल तर हा प्रश्न विंडोचा नाहीच.

दुकानदार म्हणाला ४० अँपिअरचा एसएसआर आहे, ९ अँपिअरच्या हीटरला हीटसिंक लागत नाही. दोन महिन्यांत हीटर बंदच होईना, एसएसआरवरचा लाईट बंद तरी पाणी तापतंय.

एसएसआर शॉर्ट झालाय. मेन बंद करा आणि मग पुढचं वाचा.

प्रत्येक अँपिअरला साधारण १ ते दीड वॉट उष्णता एसएसआरमध्येच राहते, ९ अँपिअरला १० वॉटच्या आसपास, आणि ती बिनहीटसिंकच्या प्लास्टिकच्या डब्यात जाणार कुठे? ४० हा आकडा हीटसिंकसह असतो, आणि स्वस्त मालात तर आतला ट्रायॅक लेबलावरच्या आकड्यापेक्षा लहानही निघतो. विकणारा हे सांगत नाही, कारण हीटसिंक धरला की एसएसआर महाग दिसतो. हीटसिंक लावा, मध्ये थर्मल पेस्ट लावा, आणि अर्धाच आकडा खरा माना.

पण माझी खरी काळजी पुढे आहे. एसएसआर मरतो तेव्हा बहुतेक वेळा चालू अवस्थेत मरतो. तुमचा बाथ ६५ डिग्रीवर असताना तो शॉर्ट झाला तर २ किलोवॉट सतत जाणार, मिनिटाला जवळजवळ ३ डिग्री, म्हणजे १२ मिनिटांत उकळी, मग पाणी आटणार आणि हीटर कोरडा. तेव्हा पीआयडी शून्य पाठवत असतो, स्क्रीनवर सगळं ठीक दिसत असतं. "कोडमध्ये ओव्हर-टेंपरेचर लावलंय" असं सांगणारे मला दर आठवड्याला भेटतात. अहो, तो कोड बंद करणार कुणाला? त्याच मेलेल्या एसएसआरला!

म्हणून एसएसआरच्या आधी लाईनमध्ये कॉन्टॅक्टर हवा, आणि त्याची कॉइल वेगळ्या कॅपिलरी थर्मोस्टॅटमधून जायला हवी, हाताने रिसेट करायचा, स्वतःचा वेगळा सेन्सर असलेला. ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी आणि धड अर्थिंग हेही हवंच. आणि एसएसआर "बंद" असला तरी त्यातून थोडा करंट गळतो, तेव्हा हीटरला हात लावण्याआधी एमसीबी पाडा. हे बसवणं लायसन्सधारक इलेक्ट्रिशियनचं काम आहे, यूट्यूब बघून नको. "पुढच्या महिन्यात करू" म्हणत असाल तर तोपर्यंत बाथही पुढच्या महिन्यातच चालवा.

हाच एसएसआर २४ व्होल्ट डीसी हीटबेडला चालेल का?

नाही. डीसीत करंट शून्यावर येतच नाही, एकदा लागला की बंद होणार नाही. तिथे मॉसफेट लावा.