स्क्वॅटमध्ये खाली गेलं की जांघेत चिमटा बसतो: वाचकांचे प्रश्न

प्रश्न : "वय ३४, उंची ५ फूट १० इंच. घणसोलीत ऑफिसजवळच्या जिमला जातो. ८० किलोला मांडी जमिनीला समांतर येत आली की उजव्या जांघेत पुढच्या बाजूला चिमटा बसतो. ट्रेनर म्हणतात, पाय खांद्याइतके, पावलं सरळ, आणि हिप फ्लेक्सर स्ट्रेच करा. चार महिने करतोय, काही फरक नाही."

ताण कुठे जाणवतो आणि चिमटा कुठे बसतो, हे आधी वेगळं करा. स्नायू आखडला असेल तर ओढ सहसा वाकणाऱ्या सांध्याच्या मागे किंवा आतल्या बाजूला, म्हणजे नितंबात किंवा मांडीच्या आतून जाणवते. तुमचं दुखणं सांध्याच्या पुढे, जिथे घडी पडते तिथेच आहे. तिथे काही ताणलं जात नाही, दाबलं जातं. दारामागे कपाट असेल तर बिजागरीला कितीही तेल घाला, दार पुढे जात नाही. स्ट्रेचिंगने चार महिन्यांत फरक न पडण्याचं कारण बहुधा हेच आहे.

खुबा म्हणजे पेल्विसमधली खोबण आणि तिच्यात फिरणारा मांडीच्या हाडाचा गोळा. गोळ्याखाली हाडाची मान असते. तुम्ही खाली बसता तेव्हा ही मान खोबणीच्या पुढच्या काठाकडे सरकते, आणि काठाला लागून असलेली मऊ कड, म्हणजे लॅब्रम, मध्ये सापडते. गुडघा सरळ पुढे किंवा आत आला की ही गाठ लवकर पडते. गुडघा बाहेर गेला आणि मांडी बाहेर वळली की मानेला काठाच्या बाजूने वाट मिळते. खोबण किती खोल, तिचं तोंड कोणत्या दिशेला, मान किती जाड, हे प्रत्येकाचं वेगळं असतं. त्यामुळे "खांद्याइतके पाय, पावलं सरळ" हा सगळ्यांना लागू होणारा नियम असूच शकत नाही.

तुमचा व्हिडिओ मागवला आणि फोनवरून एक साधी चाचणी करून घेतली. इतरांनाही घरी करता येईल. चटईवर हात आणि गुडघे टेका, पाठ सपाट ठेवा आणि नितंब हळूहळू टाचांकडे न्या. कंबर गोल व्हायला लागली किंवा जांघेत टोचलं की थांबा, आणि कुठवर गेलात ते कुणाला तरी बघायला सांगा. आता गुडघे चार बोटं लांब करून पुन्हा, मग आणखी चार बोटं. एका अंतरावर तुम्ही सगळ्यात मागे जाता आणि टोचत नाही. त्याहून फाकवलं की फायदा थांबतो, कधी उलट आतल्या मांडीला ओढ बसते. तुमचं ते अंतर खांद्यांच्या बरंच बाहेर निघालं.

मग उभ्याने. तुमच्या टाचांमधलं अंतर ३२ सेंटिमीटर होतं, ते ४६ केलं. पावलं आधी जवळजवळ सरळ होती, ती साधारण ३० अंश बाहेर वळवली. १६ किलोचा डंबेल छातीशी धरून बसलात तेव्हा मांडी समांतरच्या थोडी खाली गेली आणि टोचलं नाही. २० अंशांवर टोचत होतं. ४० अंशांवर टोचत नव्हतं, पण गुडघे पावलांच्या रेषेत राहत नव्हते, आत पडत होते. म्हणून ३०.

पाऊल वळवलं आणि गुडघा सरळच राहिला तर मांडीचं हाड वळलेलंच नाही, नुसता घोटा आणि गुडघा पिळला गेला. गुडघा मधल्या बोटाच्या रेषेत उघडला तरच खुब्यात जागा होते. वर येताना तो आत पडला की चिमटा परत बसतो, आणि जड सेटच्या शेवटच्या दोन रेप्समध्ये नेमकं हेच होतं. व्हिडिओ समोरून घ्या, बाजूने घेतलेल्यात हे दिसत नाही.

बार ५० किलोवर आणा आणि मागे ४५ सेंटिमीटरचा बॉक्स ठेवा. त्यावर टेकायचं, कोसळायचं नाही. आठवड्यातून दोनदा, ६-६ रेप्सचे ३ सेट. चिमटा अजिबात बसता कामा नये. थोडं जड वाटलं तर हरकत नाही, पण ते दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत जायला हवं. दोन आठवडे असे गेले की बॉक्स ४-५ सेंटिमीटरने खाली आणा. आधी खोली वाढवा, मग वजन. दोन्ही एकदम वाढवलं तर कशाने दुखलं ते कळत नाही.

प्रश्न : "मॅडम, मी नेरुळची, वय ४६. भाजी निवडायला उकिडवं अर्धा तास बसते, काही होत नाही. जिममध्ये बार खांद्यावर घेऊन त्याच खोलीला गेले की दोन्ही जांघांत टोचतं. सांधा ठीक असेल तर असं का?"

उकिडवं बसताना तुमची कंबर गोल होते, पेल्विस खाली वळून मागे झुकतो, पावलं आपोआप बाहेर जातात आणि गुडघे काखेजवळ उघडे असतात. घडी खूप खोल दिसते, पण तिचा बराच भाग पाठीच्या कण्याने उचललेला असतो. खोबणीचा पुढचा काठ मागे फिरल्याने मानेला जागा मिळते.

बारखाली तुम्हाला कुणीतरी "छाती वर, कंबर आत" असं शिकवलेलं दिसतं. सांगितलं त्यापेक्षाही जास्त पाळलं की पेल्विस पुढे झुकतो आणि खोबणीचा पुढचा काठ मांडीवर उतरतो. मग तीच खोली, तोच सांधा, आणि टोचतं. जोर लावून कंबर वळवणारे पुष्कळ लोक माझ्याकडे याच तक्रारीने येतात.

उपाय कंबर गोल करणं हा नाही. वजनाखाली पाठ फार गोल होऊ द्यायची नसते. सुरुवातीची वळणदार कमान काढून टाकायची. उभं असताना श्वास सोडा, खालच्या बरगड्या पोटाकडे उतरू द्या, मग पोटात श्वास भरून पोट घट्ट करा आणि तिथून खाली जा. आधी नितंब मागे फेकू नका, गुडघे आणि नितंब एकाच वेळी मोडा. तळाशी पेल्विस किंचित आत वळला तर घाबरू नका.

टाचांखाली अडीच-अडीच किलोच्या प्लेट ठेवून बघा. टाच उंच झाली की गुडघा पुढे जाऊ शकतो, धड उभं राहतं, आणि धड जितकं उभं तितकी खुब्याची घडी कमी. वजन समोर धरलं तरी हेच होतं, म्हणून डंबेल छातीशी धरून केलेला गॉब्लेट स्क्वॅट बहुतेकांना सोसतो. बार पाठीवर खाली धरला की धड पुढे वाकतं आणि चिमटा लवकर येतो. तुम्ही महिनाभर पाठीवरचा बार सोडा. गॉब्लेट करा आणि मग बार मानेच्या लगेच खाली, ट्रॅप स्नायूवर ठेवून परत या.

प्रश्न : "सगळे सांगतात पाय फाकव, पावलं बाहेर काढ. मी काढली की उलट जास्त त्रास होतो, नितंबातही दुखतं. लहानपणापासून पावलं आत टाकून चालतो. ठाणे, वय २२."

तुमच्यासाठी तो सल्ला बहुधा चुकीचा आहे. पालथे झोपा, गुडघा काटकोनात वाकवा आणि कुणाला तरी पोटरी बाहेरच्या बाजूला पडू द्यायला सांगा. पोटरी बाहेर गेली की मांडी आत वळते. मग उलट, आतल्या बाजूला. पोटरी बाहेर खूप जात असेल आणि आत जेमतेम, तर तुमच्या मांडीच्या हाडाची मान पुढच्या बाजूला जास्त वळलेली असण्याची शक्यता आहे. प्रौढांमध्ये हे वळण सरासरी १५ अंशांच्या आसपास असतं, काहींचं त्याहून बरंच जास्त. अशा खुब्याला बाहेर वळायला फार जागाच नसते. पावलं जबरदस्तीने बाहेर काढली की मांडी मागेच राहते, गुडघे पावलांच्या आत पडतात, आणि चिमट्याला हवी ती स्थिती तुम्ही स्वतःच तयार करता. नितंबातलं दुखणंही त्या ओढाताणीचं असू शकतं.

पावलं ५ ते १० अंशच वळवा, अंतर खांद्यांइतकं किंवा किंचित कमी ठेवा, टाच उंच करा. दोन बाजू सारख्या नसतील तर एक पाऊल दुसऱ्यापेक्षा ५-१० अंश जास्त वळवायला हरकत नाही, फक्त वर येताना कंबर एका बाजूला फिरता कामा नये.

प्रश्न : "एक्स-रेमध्ये कॅम मॉर्फॉलॉजी असं आलंय. म्हणजे आता स्क्वॅट कायमचा बंद आणि ऑपरेशन? वाशी, वय ४१."

रिपोर्टमधला तो शब्द एकटा काही ठरवत नाही. गोळा आणि मान जिथे मिळतात तिथे हाड जाड असणं म्हणजे कॅम, आणि अजिबात न दुखणाऱ्या लोकांतही ते भरपूर सापडतं. २०१६ च्या, तज्ज्ञांच्या वॉरिक सहमतीनुसार तक्रार, तपासणीतली चिन्हं आणि चित्र या तीनही गोष्टी जुळल्या तरच त्याला फेमोरोअ‍ॅसिटॅब्युलर इम्पिंजमेंट सिंड्रोम म्हणायचं. उपचाराचा एक मार्ग व्यायाम आणि हालचालींत बदल हा आहेच. ऑपरेशन हा दुसरा, आणि त्याबद्दल हाडांच्या डॉक्टरांशी बोला.

काही लक्षणांत मात्र पावलांचे कोन मोजत बसू नका, आधी डॉक्टर गाठा: रात्री झोपेतून उठवणारं दुखणं, साधं चालताना लंगडणं, सांधा अडकणं किंवा दगा देणं, धावणं अचानक वाढवल्यानंतर जांघेत सुरू झालेलं दुखणं. यातल्या शेवटच्यात मांडीच्या हाडाच्या मानेला बारीक भेग असू शकते. दीर्घकाळ स्टेरॉइड घेतलं असेल किंवा दारूचं प्रमाण मोठं असेल तर गोळ्याचा रक्तपुरवठा बिघडलेला असू शकतो. सुरुवातीला तो साध्या एक्स-रेत दिसत नाही, एमआरआय लागतो.

प्रश्न : "स्क्वॅट दुखतो म्हणून लेग प्रेस सुरू केला, तोही दुखतो. मग पायांना करू तरी काय? खारघर."

लेग प्रेसला पाठ टेकलेली असल्याने तो सोपा वाटतो, पण गुडघे छातीशी आणेपर्यंत प्लॅटफॉर्म खाली सोडला तर खुब्याची घडी स्क्वॅटपेक्षाही खोल होते. नितंब गादीवरून उचलायला लागले की खुब्यातली जागा संपली. त्याच्या थोडं वर थांबा, पावलं प्लॅटफॉर्मवर रुंद आणि बाहेर वळवून ठेवा, आणि पाठीचा कोन बदलता येत असेल तर जास्त मागे टेका.

मांडीच्या पुढच्या भागासाठी माझी पहिली पसंती मागे पाय ठेवून केलेला स्प्लिट स्क्वॅट ही आहे. धड उभं, पुढच्या पायाची पोटरी थोडी पुढे झुकलेली. पुढच्या खुब्याची घडी मर्यादित राहते आणि पेल्विसला स्वतःची जागा शोधायची मोकळीक मिळते. पुढे फार वाकलात तर तो फायदा जातो. मागचा पाय बाकावर चढवलेला प्रकार सुरुवातीला नको, आधी दोन्ही पाय जमिनीवर. एका बाजूला ८ रेप्स, ३ सेट, दोन्ही हातांत हलके डंबेल. स्टेप-अप करायचा असेल तर पायरी गुडघ्याच्या बऱ्याच खाली हवी, उंच बाकावर चढताना तोच चिमटा बसतो.

मागच्या भागासाठी रोमानियन डेडलिफ्ट आणि हिप थ्रस्ट. डेडलिफ्टमध्ये बार गुडघ्याच्या थोडा खाली आला की थांबा. बार जमिनीपर्यंत नेण्याच्या नादात जांघेत टोचायला लागतं. त्या खोलीची तुम्हाला गरजही नाही.